‘आणि’ची फोड

व्याकरणाच्या पुस्तकांत ‘आणि’ ह्या शब्दावर कोणी फार वेळ थांबत नाहीं. उभयान्वयी अव्ययांच्या प्रकरणांत पहिल्याच ओळींत त्याचें नांव येतें, ‘समुच्चयबोधक’ अशी त्याची जात सांगितली जाते, आणि शिक्षक व विद्यार्थी दोघेहि पुढें जातात. मीहि पुष्कळ वर्षें असाच पुढें जात असें. पुढें एका पत्रानें मला मागें वळून पाहावयास लावलें. तें पत्र मींच लिहिलेलें होतें.

कांहीं वर्षांपूर्वीं सहामाही परीक्षा झाल्यावर मीं माझ्या वर्गांतील एका मुलाच्या वडिलांस प्रगतिपत्रकासोबत एक ओळ लिहून पाठविली. वडील नोकरीनिमित्त परगांवीं राहत. घरीं आई, हा मुलगा व त्याची धाकटी बहीण एवढींच माणसें. मीं लिहिलें होतें तें असें: ‘आपल्या मुलाची हजेरी कमी आहे आणि तो गणितांत नापास झाला आहे.’ वाक्य लहान होतें, व्याकरणदृष्ट्या शुद्ध होतें, आणि त्यांतील प्रत्येक अर्धें खरें होतें. सत्रांतील ५८ दिवसांपैकीं मुलगा ४१ दिवसच आला होता. गणितांत त्याला १०० पैकीं २२ गुण मिळाले होते.

आठ दिवसांनीं शाळा सुटल्यावर तो मुलगा वडिलांचें पत्र हातांत घेऊन माझ्या टेबलाशीं उभा राहिला. वडिलांनीं त्याला लिहिलें होतें कीं, शाळेच्या वेळेंत उंडारणाऱ्या मुलाच्या शिक्षणावर खर्च करण्यास मजजवळ पैसा नाहीं. महिनाअखेर इकडे निघून ये, तुला कामाला लावतों. मीं विचारलें, ‘तूं उंडारत होतास काय?’ तो म्हणाला, ‘नाहीं, सर.’ ह्याहून अधिक तो कांहीं बोलला नाहीं.

त्या सायंकाळीं मी त्याच्या घरीं गेलों. आई नुकतीच तापांतून उठली होती. घरांत दुसरें मोठें माणूस नसल्यामुळें तिचें औषधपाणी, पाणी भरणें व बहिणीची शाळा हें सर्व सतरा दिवस त्या मुलानें केलें होतें. परगांवीं नवऱ्याच्या जिवाला घोर लागेल म्हणून तिनें आजाराची वार्ता त्यांना कळविली नव्हती, व मुलालाहि कळवूं दिली नव्हती. हें ऐकून परत आल्यावर मीं कपाटांतून त्याची गणिताची उत्तरपत्रिका काढली व प्रथमच ती नीट वाचली. तपासली तर ती पूर्वींच होती, वाचली आतां.

जे सतरा दिवस तो आला नव्हता, त्या दिवसांत मीं वर्गांत क्षेत्रफळ शिकविलें होतें. क्षेत्रफळावरील २० गुणांपैकीं त्यानें ११ मिळविले होते. सोबत्याची वही उतरून घेऊन त्यानें एवढें साधलें होतें. अपूर्णांकांवरील ४० गुणांपैकीं त्याला मिळाले होते ६. राहिलेल्या ४० गुणांचीं उदाहरणें प्रमाण व व्याज ह्यांवर होतीं, त्यांत मिळाले ५. आणि तेथेंहि रीत बहुतेक बरोबर असून घोडें अडलें होतें तें अपूर्णांकांच्या आकडेमोडीपाशींच. अपूर्णांक हा तर मागल्या इयत्तांचा विषय. आतां असें समजा कीं हा मुलगा एकहि दिवस चुकला नसता व क्षेत्रफळाचे वीसच्या वीस गुण त्यानें मिळविले असते. तरी त्याची बेरीज २२ च्या जागीं ३१ झाली असती. उत्तीर्ण होण्यास ३५ लागत होते. म्हणजे शाळा न चुकवितांहि तो नापासच झाला असता.

मीं त्याच्या आईची संमति घेऊन दुसरें पत्र लिहिलें. तें असें होतें: ‘आपला मुलगा ह्या सत्रांत सतरा दिवस शाळेंत आला नाहीं, कारण त्या दिवसांत त्याची आई आजारी होती व तिच्याजवळ दुसरें कोणी नव्हतें. गणितांत तो नापास झाला आहे. मात्र त्याचें मुख्य कारण गैरहजेरी हें नाहीं. मागल्या इयत्तांतील अपूर्णांक त्याचे कच्चे राहिले आहेत, हें आहे. म्हणून त्याला शाळेंतून काढण्याऐवजीं रोज अर्धा तास अपूर्णांकांचा अभ्यास द्यावा, असें मला वाटतें.’

त्यानंतर रजा काढून वडील स्वतः आले. माझीं दोन्ही पत्रें त्यांच्या खिशांत होतीं. त्यांनीं तीं टेबलावर ठेवलीं आणि विचारलें, ‘मास्तर, पहिल्या पत्रांतल्या दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या ना? मग मी चुकलों कोठें?’

हा प्रश्न मला आजवर कोणत्याहि परीक्षकानें विचारलेल्या प्रश्नाहून अवघड वाटला. त्याचें उत्तर माझ्यापुरतें मीं असें दिलें कीं, ते ज्या जागीं चुकले ती जागा मींच मोकळी सोडली होती. दोन विधानें मीं शेजारीं शेजारीं ठेवलीं, त्यांमधील नातें काय तें सांगितलें नाहीं, आणि त्या नात्याच्या ठिकाणीं ‘आणि’ हा शब्द घालून निश्चिंत झालों. वाचणाऱ्याचें मन तेथें थांबून राहत नाहीं. दोन गोष्टी एका वाक्यांत आल्या कीं पहिली दुसरीचें कारण असावी, असें तें आपोआप धरून चालतें. मीं ‘आणि’ लिहिलें. वडिलांनीं ‘म्हणून’ वाचलें. एकदां ‘म्हणून’ वाचल्यावर पुढचें सर्व ओघानेंच आलें: मुलगा शाळेंत जात नाहीं, म्हणून नापास होतो, तर मग शाळा हवी कशाला?

तेव्हांपासून माझें मत असें झालें आहे कीं, ज्या वाक्यांत दोन निरनिराळे विचार ‘आणि’नें बांधलेले आहेत, तें वाक्य बहुधा फोडावें, त्याचीं दोन वाक्यें करावीं, आणि दुसऱ्या वाक्याच्या तोंडाशीं तें पहिल्याशीं कोणत्या नात्यानें जोडलें आहे हें स्पष्ट शब्दांत सांगावें. हें कसें करावें, कोठें करूं नये, व करतांना कोणत्या चुका होतात, एवढेंच ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

पहिली गोष्ट अशी कीं, ‘आणि’ खोटें बोलत नाहीं, पण तें फार थोडें बोलतें. ‘हेंहि आहे, तेंहि आहे’ ह्यापलीकडे त्याला कांहीं सांगतां येत नाहीं. ज्या नात्यांना मराठींत स्वतःचे चांगले शब्द आहेत, त्या नात्यांच्या जागींहि आपण हाच एक शब्द बसवितों. विद्यार्थ्यांच्या वह्यांत नेहमीं आढळणारीं तीन वाक्यें पाहा. ‘पाऊस फार झाला आणि आमची सहल गेली नाहीं.’ ‘दिवा लहान होता आणि खोलीभर उजेड पडला.’ ‘रस्ता ओला आहे आणि रात्रीं पाऊस पडला.’ तिन्ही वाक्यांत ‘आणि’ आहे. परंतु तिन्हींतील नातीं तीन प्रकारचीं आहेत. पहिल्यांत एक गोष्ट दुसरीचें कारण आहे: ‘पाऊस फार झाला. त्यामुळें आमची सहल गेली नाहीं.’ दुसऱ्यांत अपेक्षेच्या उलट घडलें आहे: ‘दिवा लहान होता. तरी खोलीभर उजेड पडला.’ तिसऱ्यांत रस्ता ओला असणें हें पावसाचें कारण नव्हे. तो केवळ आपल्या तर्काचा आधार आहे: ‘रस्ता ओला आहे. यावरून रात्रीं पाऊस पडला असावा.’ ह्या शेवटच्या वाक्यांत ‘पडला’ ह्याच्या जागीं ‘पडला असावा’ असें करावें लागलें, हें लक्षांत घ्या. नातें उघड करतांच आपण पाऊस पाहिलेला नाहीं, केवळ अनुमान केलें आहे, हेंहि उघड झालें. ‘आणि’च्या आड तें लपून राहिलें होतें.

आतां रीत. प्रथम ‘आणि’च्या दोन्ही बाजूंचे भाग वेगवेगळ्या ओळींवर, प्रत्येक स्वतंत्र वाक्य म्हणून लिहा. हें दिसतें तितकें सोपें नाहीं, कारण जोडवाक्यांत मराठी लेखक दुसरा कर्ता बहुधा गाळतो. ‘त्यानें धडा वाचला आणि झोपला’ असें आपण बोलतों. पण ‘वाचला’ ह्या क्रियापदाला ‘त्यानें’ लागतें व ‘झोपला’ ह्याला ‘तो’ लागतें. दोन वाक्यें करतांना तो गाळलेला ‘तो’ परत आणावा लागतो. येथें कर्ता उघडच एक आहे, म्हणून नुकसान नाहीं. परंतु ‘गुरुजींनीं मुलाला जवळ बोलाविलें आणि विचारलें’ ह्या वाक्यांत विचारलें कोणीं? गुरुजींनीं, असें बहुतेक म्हणतील. पण मुलानेंहि विचारलेलें असूं शकतें. दुसरें वाक्य स्वतःच्या कर्त्यासह लिहावयास बसलें कीं लेखकाला ह्याचा निर्णय करावाच लागतो.

ह्यानंतर दोन्ही ओळींची अदलाबदल करून पाहा. अदलाबदल करूनहि अर्थ तोच राहिला, तर ‘आणि’ आपल्या योग्य जागीं आहे. त्याला हात लावूं नका. ‘ताईनें अंगण झाडलें आणि दादानें पाणी भरलें’ हें वाक्य उलटें केलें तरी कामें तींच व करणारींहि तींच. परंतु ‘पाऊस फार झाला’ हें वाक्य ‘सहल गेली नाहीं’ ह्याच्या मागें नेऊन ठेवा. लगेच कांहीं तरी बिघडल्यासारखें वाटतें. जेथें असें बिघडतें तेथें ‘आणि’च्या पोटांत दुसरा एखादा शब्द दडलेला आहे, असें समजावें.

तो शब्द शोधण्यासाठीं मधल्या जागीं एकेक शब्द घालून मोठ्यानें वाचा: त्यामुळें, तरी, त्यानंतर, यावरून, उलट, कारण. जो बसतो तो घ्या. ‘कारण’ ह्या शब्दानें वाक्यांचा क्रम उलटतो. आधीं परिणाम येतो व मग त्याचें मूळ: ‘आमची सहल गेली नाहीं. कारण पाऊस फार झाला.’ ‘मात्र’ हा शब्द वाक्याच्या आरंभीं येतो, तसाच ज्या पदाविषयीं वेगळेपण दाखवावयाचें त्याच्या मागेंहि येतो: ‘सर्व मुलें वेळेवर आलीं. कप्तान मात्र उशिरां आला.’ हीं लहान कामें आहेत. पण वाचणाऱ्याला वाट सांपडते ती ह्यांनींच.

कधीं कधीं कोणताहि शब्द नीट बसत नाहीं. तेव्हां बहुधा मधली एखादी पायरी गाळलेली असते. इतिहासाच्या उत्तरांतील हें वाक्य घ्या: ‘१८९६ सालीं मुंबईंत प्लेगची साथ आली आणि गिरण्यांत मजूर मिळेनासे झाले.’ येथें ‘त्यामुळें’ घालतां येईल, पण विचारी वाचक विचारील कीं, तें कसें? सारे मजूर मृत्यू पावले काय? तसें नव्हतें. वाक्य फोडून लिहूं लागलें कीं गाळलेली पायरी आपोआप समोर येते: ‘१८९६ सालीं मुंबईंत प्लेगची साथ आली. तिच्या भीतीनें हजारों लोक शहर सोडून आपापल्या गांवीं गेले. त्यांत गिरण्यांतील मजूरहि पुष्कळ होते. त्यामुळें गिरण्यांत मजूर मिळेनासे झाले.’ पहिल्या वाक्यांत विद्यार्थ्याला दोन घटना ठाऊक आहेत एवढेंच दिसत होतें. आतां त्या घटना एकमेकींस कशा लागून आल्या हें त्याला समजलें आहे, असें दिसतें.

आणि कधीं कधीं दोन विचारांत कार्यकारणाचें नातें नसतेंच. ‘सिंहगड पुण्याच्या नैर्ऋत्येस आहे आणि तेथें १६७० सालीं तानाजी मालुसरे पडले.’ गडाची दिशा व तानाजींचा मृत्यु ह्यांत ‘त्यामुळें’ही नाहीं व ‘तरी’ही नाहीं. अशा वेळीं ओढून ताणून तर्काचा शब्द घालूं नये. ‘सिंहगड पुण्याच्या नैर्ऋत्येस आहे. ह्याच गडावर १६७० सालीं तानाजी मालुसरे लढतां लढतां पडले.’ येथें ‘ह्याच गडावर’ एवढ्यानें दोन वाक्यें हात धरून उभीं राहतात. आणि निबंध तानाजींच्या शौर्यावर असेल तर गडाची दिशा हवीच आहे काय, हाहि प्रश्न विचारावा. फोडल्यावर एक अर्धें सरळ गाळून टाकतां येतें, असेंहि पुष्कळदां आढळेल.

आतां चुका. सर्वांत सामान्य चूक अशी कीं, ‘आणि’ पुसून त्या जागीं पूर्णविराम ठोकावयाचा व काम झालें असें समजावयाचें. ‘आपल्या मुलाची हजेरी कमी आहे. तो गणितांत नापास झाला आहे.’ असें मीं लिहिलें असतें, तर वडिलांनीं वाचला तोच अर्थ वाचला असता. कदाचित् अधिकच जोरानें. पूर्णविराम विचार वेगळे करतो. नातें सांगत नाहीं. दोन वाक्यें करणें हें अर्धें काम, जोडणारा शब्द निवडणें हें दुसरें अर्धें.

दुसरी चूक ह्याच्या उलट आहे, व ती अधिक घातक. ‘आणि’ नको असें शिकलेला विद्यार्थी मिळेल तेथें ‘म्हणून’ घालूं लागतो. ‘मी नवी लेखणी घेतली. म्हणून मला निबंधांत चांगले गुण मिळाले.’ लेखणी आधीं आली व गुण मागून मिळाले, एवढेंच त्याला ठाऊक आहे. जेवढें ठाऊक आहे तेवढेंच लिहावें: ‘त्यानंतर’. ‘म्हणून’ लिहिण्यापूर्वीं स्वतःस एक प्रश्न करावा: पहिली गोष्ट नसती तर दुसरी घडली नसती, असें मला दाखवितां येईल काय? त्या मुलाच्या बाबतींत मीं हाच प्रश्न आधीं केला असता, तर २२ व ३१ ह्या दोन आकड्यांनीं मला तेथल्या तेथें उत्तर दिलें असतें.

तिसरी चूक मराठीच्या स्वभावांतून येते. ‘आणि’ टाळावयाचें म्हणून आपण ‘-ऊन’ प्रत्ययाचा आश्रय करतों: जाऊन, येऊन, करून. हा प्रत्यय फार सोयीचा आहे, पण जवळ ‘नाहीं’ आलें कीं तो ‘आणि’हूनहि फसवा ठरतो. ‘तो शाळेंत येऊन अभ्यास करीत नाहीं’ ह्या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक: तो शाळेंत येतो, पण अभ्यास करीत नाहीं. दुसरा: तो शाळेंत येतच नाहीं, त्यामुळें अभ्यासहि होत नाहीं. एका मुलाला रागें भरावयाचें आहे, दुसऱ्याच्या घरीं जाऊन चौकशी करावयाची आहे. आणि वाक्य दोघांचें एकच! येथें फोड केल्यावांचून गत्यंतर नाहीं.

ह्या मतावर माझे एक सहाध्यापक नेहमीं आक्षेप घेतात. ते म्हणतात, ‘परीक्षेंत आपण मुलांना वाक्यसंकलन शिकवितों, दोन वाक्यांचें एक करा, असें सांगतों. तुम्ही त्यांना जोडलेलें तोडावयास सांगतां. शिवाय अशा तुकड्या तुकड्यांच्या लेखनांत भाषेचा ओघ राहत नाहीं.’ आक्षेपाचा उत्तरार्ध मला मान्य आहे. जेथें गोष्ट सांगावयाची असते, तेथें ‘आम्ही गडावर चढलों आणि टाक्याचें पाणी प्यालों’ हें फोडण्यांत कांहींच लाभ नाहीं. घटना जशा एकामागून एक घडल्या तशाच ‘आणि’नें चालत जातात. मुलांचें प्रत्येक वाक्य तीन शब्दांचें व्हावें, अशी माझी इच्छा मुळींच नाहीं. फोडून नातें कळल्यावर लेखकानें तीं वाक्यें पुनः खुशाल जोडावीं: ‘पाऊस फार झाल्यामुळें आमची सहल गेली नाहीं’ हें एकच वाक्य आहे, आणि तें निर्दोष आहे. मात्र हें जोडणें फोडल्यानंतरचें आहे. वाक्यसंकलनाच्या प्रश्नांतहि खरी परीक्षा हीच असते. जो विद्यार्थी दोन वाक्यांमध्यें डोळे मिटून ‘आणि’ घालतो, त्याला व्याकरणाचे गुण मिळतील, परंतु त्यानें विचार केला किंवा नाहीं हें आपल्याला कळणार नाहीं. म्हणून आमच्या मराठीच्या तासांत संकलनाइतकाच फोडीचा अभ्यास व्हावा, व निबंध तपासतांना शिक्षकानें ‘आणि’भोंवतीं वर्तुळ काढून समासांत ‘नातें?’ एवढाच प्रश्न लिहावा, अशी माझी सूचना आहे. चूक म्हणून गुण कापूं नयेत. उत्तर मात्र मागावें.

पालकांसहि ह्यांत एक विनंति आहे. आपल्याकडून शाळेंत चिठ्ठ्या येतात, त्यांत पुष्कळदां असें वाक्य असतें: ‘मुलाला ताप होता आणि फी पुढील महिन्यांत देऊं.’ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कीं औषधाला पैसे लागले म्हणून फी राहिली आहे? पहिलें असेल तर चिठ्ठी हजेरीच्या शिक्षकाकडे एक व कचेरींत एक, अशी दोन ठिकाणीं जावयास हवी. दुसरें असेल तर शाळेला तें कळणें अगत्याचें आहे, कारण अडचण कळल्यावांचून सवलत देतां येत नाहीं. ‘मुलाला ताप होता, म्हणून तो दोन दिवस आला नाहीं. औषधाला खर्च झाला. त्यामुळें ह्या महिन्याची फी पुढील महिन्यांत भरूं.’ एवढें लिहिण्यास एक ओळ अधिक लागते. त्याचप्रमाणें आमच्याकडून आलेल्या पत्रांत ‘आणि’ दिसलें, व त्यावरून मुलाला कांहीं शिक्षा करण्याचें मनांत आलें, तर त्यापूर्वीं आम्हांस विचारावें कीं, ह्या दोन गोष्टींचें नातें काय? आम्हांस उत्तर देतां आलें पाहिजे.

त्या मुलाचें पुढें काय झालें, हें वाचकांस जाणून घ्यावेंसें वाटेल. वडिलांनीं त्याला शाळेंत राहूं दिलें. शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास तो माझ्याजवळ बसे. पहिला महिना आम्हीं छेद समान करण्यापलीकडे कांहीं केलें नाहीं. वार्षिक परीक्षेंत तो गणितांत उत्तीर्ण झाला, थोड्याच गुणांनीं, पण उत्तीर्ण झाला. त्यानंतर एकदां त्यानें मला निबंधाची वही दिली. तींत एका ठिकाणीं त्यानें ‘आणि’ खोडून वर ‘तरी’ लिहिलें होतें. मीं तें खोडलेलें अक्षर चुकींत धरलें नाहीं.

विद्यार्थ्यांनो, ह्या लेखांतहि ‘आणि’ हा शब्द बऱ्याच वेळां आला आहे. त्यांतील कोणते योग्य जागीं आहेत व कोणते फोडावयास हवे होते, हें सुटींत शोधून पाहा. शाळा उघडल्यावर जो मला माझी चूक दाखवील, त्याचें म्हणणें मी ऐकून घेईन. मात्र त्या ‘आणि’च्या जागीं कोणता शब्द हवा होता, हेंहि त्यानें मला सांगितलें पाहिजे.